दहावीच्या मुलासाठी रोज सकाळचा संदेश: लिहायचा कसा, लावून ठेवायचा कसा

माझी सकाळची पाळी सातला सुरू होते. कळव्याहून ठाण्याला यायचं आणि तिथून वाशीची गाडी पकडायची, म्हणजे पावणेसहाला घर सोडावंच लागतं. ओम उठतो पावणेसातला. पूर्वपरीक्षा संपून अभ्यासाची सुट्टी लागली की दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत जवळजवळ दोन महिने जातात. ते दोन महिने तो उठायचा तेव्हा मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेत असायचे आणि घरात फक्त सासूबाई असायच्या. म्हणून सकाळी ७:१० ला त्याच्या फोनवर पोचेल असा एक संदेश मी आधीच लावून ठेवू लागले.

पहिले दहा दिवस मी सुविचार पाठवले. कष्टाचं फळ, यशाचं शिखर, उगवता सूर्य. एकदा त्याचा फोन हातात आला तेव्हा दिसलं की त्यातले सहा त्याने उघडलेलेच नव्हते. रागावले नाही, कारण पुन्हा वाचल्यावर मलाच कळलं की त्यातला कुठलाही संदेश शेजारच्या मुलालाही तसाच्या तसा पाठवता आला असता. ओमबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यानंतर जे बदलत गेलं आणि टिकलं, ते इथे क्रमाने लिहिते. माझं उदाहरण राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाचं आहे. तुमचं मंडळ वेगळं असेल तर विषय आणि गुणांची विभागणी तेवढी बदलून घ्या.

आधी त्याला विचारा

"मी रोज सकाळी तुला दोन-तीन ओळी पाठवल्या तर चालतील का?" एवढंच विचारायचं. न विचारता सुरू केलेला रोजचा संदेश मुलांना पाळतीसारखा वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलाला कुणी मागून ढकलतंय असं वाटलं की तो पाय रोवून उभा राहतो, मग ढकलणारा कितीही प्रेमाने ढकलत असो.

विचारताना तीन गोष्टी त्याच्याकडूनच ठरवून घ्या: वेळ कोणती, फोन कुणाचा, आणि उत्तर द्यायचं का. ओमने सांगितलं, "उठल्या उठल्या नको, दात घासून चहाला बसलो की." त्यावरून ७:१० ठरलं. आधी मी गाडीत बसले की ५:५५ ला पाठवत होते आणि त्या आवाजाने त्याची झोप मोडत होती, हे मला तेव्हा कळलं. या वयाला आठ तास तरी झोप लागते. ती मोडून उत्साह देण्यात काही अर्थ नाही.

उत्तराचं मात्र मीच ठरवलं: उत्तर द्यायचं नाही. "हो आई", "ओके", अंगठा, काही नको. उत्तराची अपेक्षा ठेवली की संदेश हे त्याच्या डोक्यावरचं आणखी एक काम होतं.

मग पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका समोर घ्या

संदेशात काय लिहायचं ते उत्तरपत्रिकेत सापडतं. एकूण गुण बाजूला ठेवा आणि गुण नेमके कुठल्या प्रश्नात गेले ते पाहा.

ओमला बीजगणितात, म्हणजे गणित भाग १ मध्ये, ४० पैकी १७ मिळाले होते. या पेपरमध्ये पहिला प्रश्न ८ गुणांचा, दुसरा १२ चा, तिसरा ९ चा, चौथा ८ चा आणि पाचवा ३ चा असतो. ओमचे गुण असे होते: पहिल्यात ७, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ४, चौथ्यात शून्य, पाचव्यात शून्य. चौथा आणि पाचवा त्याने चुकवला नव्हता, कोराच सोडला होता. चौथ्यात चार-चार गुणांची कोणतीही दोन उदाहरणं सोडवायची असतात आणि त्यात शाब्दिक उदाहरणं येतात. मी विचारलं, "वेळ पुरला नाही का रे?" तो म्हणाला, "वेळ होता. पण वाचूनच कळतं ना, हे मला येणार नाही."

हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. पुढच्या आठ आठवड्यांचे गणिताचे सगळे संदेश त्यातूनच निघाले. मुलाला गणित येत नव्हतं असं नाही. शाब्दिक उदाहरण दिसलं की पेन उचलायच्या आधीच तो माघार घेत होता. अशा मुलाला "तू करू शकतोस" लिहून उपयोग होत नाही, कारण आपल्याला जमणार नाही हे त्याने प्रश्न वाचूनच ठरवलेलं असतं. त्याला पेन उचलायला लावेल एवढी लहान पहिली पायरी हवी असते.

तुमच्या मुलीच्या उत्तरपत्रिकेत वेगळंच काही दिसेल. येणारी उत्तरं घाईत अर्धवट सोडलेली असतील, किंवा भूमितीत आकृती बरोबर पण कारणं लिहिलेली नसतील. विषयागणिक असं एक कारण शोधा, एकच. पाच विषयांची पाच कारणं दोन महिन्यांना पुरतात.

तीन वाक्यं

माझा संदेश तीन वाक्यांचा असतो. पहिल्यात काल मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट, दुसऱ्यात आजची पहिली पायरी, तिसऱ्यात घरातलं काहीतरी. त्यातला एक असा होता:

"काल होडीच्या उदाहरणात x काय मानायचं ते तू स्वतः ठरवलंस. आज चहा झाला की उदाहरण ४ ची फक्त समीकरणं मांड. थालीपीठ झाकून ठेवलंय."

पहिलं वाक्य लिहायला सर्वांत अवघड आहे. त्यात "हुशार", "गुणी", "माझा वाघ" असलं काही नको. त्याने केलेली कृती हवी आणि ती तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली हवी. याच्यामागे एक जुना, पुष्कळदा सांगितला जाणारा प्रयोग आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, मग काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं आणि काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. त्यानंतरची कोडी मुद्दाम अवघड दिली. हुशारीचं कौतुक झालेली मुलं त्यात लवकर नाउमेद झाली. दहावीच्या तयारीत अवघड पेपर रोजच समोर येतो, त्यामुळे कौतुक कशाचं होतंय याने मोठा फरक पडतो. "हुशार" म्हटलेल्या मुलाला उदाहरण अडलं की आपण हुशार नाही असं वाटतं. "x स्वतः ठरवलंस" हे मात्र उत्तर चुकलं तरी खरंच राहतं.

दुसऱ्या वाक्यात कधी आणि काय, दोन्ही हवं. "आज गणित कर" यात दोन्ही नाही. "चहा झाला की उदाहरण ४ ची समीकरणं मांड" यात दोन्ही आहे. अमुक झालं की तमुक करायचं, असं आधी नेमकं ठरवलं की काम सुरू होण्याची शक्यता वाढते. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं आहे, पण आपल्या घरांत "देवाला दिवा लावला की पाढे" हे तेच होतं.

पायरी किती लहान असावी ते होडीच्या उदाहरणावरून सांगते. होडी प्रवाहाच्या दिशेने ३६ किमी अंतर ३ तासांत जाते आणि प्रवाहाच्या विरुद्ध २४ किमी अंतर ३ तासांत जाते. स्थिर पाण्यात होडीचा वेग x आणि प्रवाहाचा वेग y मानला की x + y = 12 आणि x − y = 8 अशी दोन समीकरणं मिळतात. माझ्या संदेशात फक्त इथपर्यंतच बोलावणं होतं. पुढे x = 10, y = 2 हे काढा, असं मी कधीच लिहिलं नाही. समीकरणं मांडून झाल्यावर कुठलंही मूल वही मिटत नाही, ते पुढचं आपसूक सोडवतं. आणि अगदी नाहीच सोडवलं तरी पायऱ्यांना गुण असतात. कोऱ्या पानाला शून्य मिळतो, मांडलेल्या समीकरणांना काहीतरी मिळतं. ओमला हे मी एकदाच समोर बसून सांगितलं, संदेशात पुन्हा पुन्हा नाही.

तिसरं वाक्य अभ्यासाचं अजिबात नको. थालीपीठ, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, आजीच्या डोळ्यांत घालायचे थेंब, खाडीवरचं धुकं. आई आपल्याशी फक्त दहावीबद्दल बोलते असं मुलाला वाटू नये म्हणून ते आहे. ओमने पुढे सांगितलं की तो हेच वाक्य आधी वाचायचा.

रविवारी सात, रोज रात्री एक

आधी लावून ठेवायचं आणि काल पाहिलेलंही लिहायचं, हे दोन्ही एकदम कसं जमणार? यावर बऱ्याच जणी अडतात, मीही अडले.

एका रविवारी मी पुढच्या सातही दिवसांचे संदेश पूर्ण लिहून टाकले. वेळापत्रकात बुधवारी भौमितिक रचना होत्या, म्हणून गुरुवारच्या संदेशात लिहिलं, "काल तू तीन रचना पूर्ण केल्यास." प्रत्यक्षात बुधवारी त्याला ताप होता आणि तो दिवसभर झोपून होता. मला हे माहीत होतं, रात्री कपाळावर पट्ट्या मीच ठेवल्या होत्या, पण संदेश बदलायचा राहून गेला. गुरुवारी ७:१० ला तो बिनचूक पोचला. संध्याकाळी ओम एवढंच म्हणाला, "आई, तू बघतच नाहीस ना? ते आपोआप येतं." पुढचे चार दिवस त्याने एकही संदेश वाचला नाही.

तेव्हापासून नियम केला. रविवारी फक्त दुसरं आणि तिसरं वाक्य लिहायचं. दुसरं त्याच्याच वेळापत्रकातून घ्यायचं, तेही त्याच्या शेजारी बसून. पहिल्या वाक्याची जागा मोकळी. रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं काढायची, त्याने टेबलावर उघडी ठेवलेली वही पाहायची (बंद वही मी उघडत नाही, तेही ठरवून घेतलं आहे), एक गोष्ट टिपायची आणि उद्याच्या संदेशात भरायची. एखाद्या रात्री जमलं नाही, किंवा लिहिण्यासारखं काही दिसलंच नाही, तर संदेश दोनच वाक्यांचा जातो. रविवारचा मसुदा हात न लावता गेला तरी त्यात काही खोटं ठरू नये, एवढंच पाहायचं. म्हणून त्यात "काल", "झालं", "केलंस" हे शब्दच नकोत.

रात्रीच्या त्या पाच मिनिटांत आणखी एक ठरवायचं, उद्याचा संदेश जावा की थांबवावा. ताप, घरातलं आजारपण, मित्राशी भांडण, रडून झोपलेली रात्र, अशा वेळी तो रद्द करा. सासूबाईंना सांगा, त्या केसांवरून हात फिरवतील.

फोनमध्ये लावणं

मी साध्या एसएमएसने पाठवते, गुगल मेसेजेस या ॲपमधून. संदेश लिहून पाठवायच्या बाणावर बोट दाबून धरलं की तारीख आणि वेळ निवडता येते. लावलेल्या संदेशाशेजारी घड्याळाची खूण दिसते. त्यावर बोट ठेवून तो बदलता किंवा पुसता येतो. ठरलेल्या वेळी तुमचा फोन चालू आणि रेंजमध्ये हवा, नाहीतर तो उशिरा जातो. मी कामावर फोन बंद करून कपाटात ठेवत असे, त्यामुळे पहिल्या आठवड्यात दोन संदेश दुपारी गेले. आता तो आवाज बंद करून चालू ठेवते. टेलिग्राममध्येही पाठवायच्या बटणावर दाबून धरलं की अशीच सोय मिळते.

एसएमएसच का, तर दोन कारणं. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. त्याहून लांब संदेश तुकडे होऊन जातो आणि प्रत्येक तुकडा पॅकमधल्या एसएमएसच्या हिशोबात धरला जातो. या मर्यादेमुळे हात आपोआप आखडतो. माझी तीन वाक्यं साधारण दोन-तीन तुकड्यांत बसतात. चार-पाच तुकडे होऊ लागले की समजावं, आपण उपदेश सुरू केला आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सकाळी संदेश वाचायला म्हणून फोन उघडला की मूल रील्समध्ये जातं आणि पाऊण तास गेलेला कळत नाही. संदेश एवढा लहान हवा की कुलूप न उघडता पडद्यावरच वाचून व्हावा. आम्ही फेब्रुवारीपासून तो सासूबाईंच्या बटणांच्या फोनवरच पाठवू लागलो. सासूबाई मोठ्याने वाचून दाखवतात, x ला "एक्स" ऐवजी "फुली" म्हणतात, आणि ओमचा फोन दुपारपर्यंत कपाटात राहतो. तुमच्याकडे असा फोन असेल तर हेच करा. मराठी अक्षरं दिसतात ना, एवढं आधी एक संदेश पाठवून तपासा. काही जुन्या फोनवर नुसते चौकोन दिसतात.

काय लिहू नये

टक्के. दुसऱ्याचं मूल. आपला त्याग ("तुझ्यासाठी पहाटे उठते"). अकरावीचं कॉलेज. उरलेले दिवस. यातलं शेवटचं अनेकांना निरुपद्रवी वाटतं, मलाही वाटायचं. "फक्त २३ दिवस" असं लिहिलं की मुलाचं लक्ष समोरच्या उदाहरणावरून उडून मोजणीकडे जातं. दिवस त्याला माहीत असतात, भिंतीवर कालनिर्णय आहे.

परीक्षेच्या दिवसांत

पेपर सुरू झाले की संदेशाचं रूप बदलतं. वेळापत्रक मंडळाच्या mahahsscboard.in या संकेतस्थळावरून किंवा शाळेतूनच घ्या आणि पेपरच्या तारखा फोनमध्ये आधी नोंदवा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रांत मागच्या वर्षाच्या तारखाही असतात. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला असतो आणि केंद्रावर साडेदहाला हजर राहायचं असतं. वेळेबद्दल शंका आली तर प्रवेशपत्रावर छापलेली वेळ खरी धरायची.

पेपरच्या दिवशी अभ्यासाची पायरी काढून टाका. त्या जागी पेपरमधली पहिली कृती लिहा. भूमितीच्या दिवशी मी लिहिलं होतं: "कंपास आणि प्रवेशपत्र निळ्या पाकिटात आहे. पेपर हातात आला की आधी येणाऱ्या रचनेवर खूण कर. बाबा दहाला रिक्षा घेऊन येतील." बीजगणिताच्या दिवशी मधलं वाक्य होतं: "चौथ्या प्रश्नात निदान x आणि y मानून ठेव."

पेपर सुटण्याच्या वेळेला काहीही लावू नका. "कसा गेला?" हा संदेश तर कधीच नको. एखादं उदाहरण चुकलेलं असतं, उद्या-परवा पुढचा पेपर असतो, आणि केंद्राच्या फाटकातच ती चूक पुन्हा उगाळली जाते. घरी आल्यावर जेवायला वाढायचं, सांगायचं असेल तर तो सांगेल.

उपयोग होतोय की नाही

उत्तर येत नाही, मग कळणार कसं? मी दोनच गोष्टी पाहिल्या. दुसऱ्या वाक्यातली पायरी आठवड्यातून चार-पाच दिवस वहीत दिसते का, आणि त्याच्या बोलण्यात संदेश कधी येतो का. तिसऱ्या आठवड्यात ओम रात्री म्हणाला, "उद्या विज्ञानाचं लिही, भिंगांच्या किरणाकृती राहिल्यात." त्या दिवसापासून दुसरं वाक्य तोच सांगायचा. सलग आठवडाभर पायरी दिसली नाही तर ती मोठी असते किंवा चुकीच्या विषयाची असते. निम्मी करून पाहा. तरीही नाही दिसली तर दोन-तीन दिवस थांबवा आणि त्याला पुन्हा विचारा.

एक मर्यादा स्पष्ट सांगते. मूल रात्र रात्र झोपत नसेल, जेवण टाकत असेल, मित्रांना टाळत असेल, "माझ्याच्याने काही होणार नाही, मी नसलेलाच बरा" असं काही बोलत असेल, तर तो संदेशांनी सुटणारा प्रश्न नाही. सुट्टी टाका, शेजारी बसा, डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पालकही फोन करू शकतात.

शेवटच्या पेपरच्या आदल्या रात्री लावलेल्या संदेशांची रांग तपासा. रविवारी सात लावायची सवय झालेली असते, त्यामुळे परीक्षा संपल्यानंतरच्या तारखांचेही एक-दोन उरलेले असतात. माझा एक उरला होता. मी तो पुसत होते तेव्हा ओम मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "पुसू नकोस. मधलं वाक्य काढ, थालीपिठाचं राहू दे. आणि वेळ अकराची कर."